मदत हवी आहे: परदेशात एक आठवडा. रोमिंग पॅक, तिथलं सिम की ई-सिम, एकूण खर्चात काय परवडतं?

निळीशाई
दोघं जण, एकच देश, सात रात्री. शनिवारी संध्याकाळी ६ ला उतरणार, पुढच्या शनिवारी रात्री ११ ला परतीचं विमान. चलनांचा गोंधळ नको म्हणून आमच्या कंपनीच्या आठवड्याच्या रोमिंग पॅकची किंमत १०० धरली आहे. बाकीचे आकडे त्याच प्रमाणात:

- रोमिंग पॅक: ७ दिवस, ५ जीबी, १०० मिनिटं = १००. एका दिवसाचा पॅक २०.
- तिथलं सिम: ३० दिवस, २० जीबी, स्थानिक कॉल धरून = ३०. सिमकार्डाचे ६ वेगळे.
- ई-सिम, फक्त डेटा: ७ दिवस ५ जीबी = ३२, किंवा ३० दिवस १० जीबी = ४५.
- पॅक नसताना घरच्या सिमवर: आलेला कॉल मिनिटाला ३, तिथल्या नंबरला केलेला मिनिटाला ४, आलेला एसएमएस फुकट.

माझ्या फोनमध्ये एक सिम आणि एक ई-सिम चालतं. नवऱ्याच्या फोनला ई-सिमची सोय नाही, पण सिमचे दोन खाचे आहेत. बँकेचे ओटीपी दोघांनाही लागतील. घरून माझ्या फोनवर आठवड्यात मिळून १२ मिनिटं कॉल येतील, हॉटेल आणि ड्रायव्हरला ५ मिनिटं करावे लागतील. ३२ आणि १०० यांत तुलनाच नाही असं दिसतंय, म्हणूनच शंका येतेय. काय सुटतंय?

भटक्या_जीव
काही सुटत नाहीये. ई-सिम घ्या, घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा, विषय संपला. ३२ च्या वर एक पैसा जाणार नाही.

हिशेबनीस
डेटा रोमिंग बंद केल्यावर घरच्या सिमवर डेटाचा पैसा लागत नाही, इथपर्यंत बरोबर. पण ते बटण कॉलला लागू नाही. सिम चालू आहे, तिथल्या नेटवर्कवर नोंदलेलं आहे, म्हणजे फोन वाजणार आणि उचलला की मीटर पडणार. आणि सिम चालू ठेवावंच लागेल, कारण ओटीपी त्यावरच येणार.

आता ३२ कडे बघू. बहुतेक ठिकाणी ७ दिवस म्हणजे पहिल्यांदा नेटवर्क पकडल्यापासून १६८ तास. शनिवारी ६ ला सुरू झालेलं पुढच्या शनिवारी ६ ला संपणार आणि तुमचं विमान ११ ला. टॅक्सी बोलवायची, गेट बदललं का बघायचं ते नेमकं त्या पाच तासांत. त्यामुळे ३२ नाही, ४५ वालं धरा. रोमिंग पॅकचंही तेच: १०० अधिक एका दिवसाचे २०, म्हणजे १२०. तुमची कंपनी तासांऐवजी तारखा मोजत असेल तर शनिवार ते शनिवार आठ तारखा होतात. तेव्हाही १२०च, फक्त पॅक शुक्रवारी मध्यरात्रीच संपेल. ती मध्यरात्र घरच्या घड्याळाची की तिथल्या, तेही विचारून घ्या.

मग कॉल. घरून आलेली १२ मिनिटं गुणिले ३ म्हणजे ३६. स्थानिक ५ गुणिले ४ म्हणजे २०, कारण त्या ई-सिमला नंबरच नाही आणि हॉटेलला साधा फोन घरच्या सिमवरूनच करावा लागणार. तेव्हा फक्त तुमच्या फोनपुरतं बोलायचं तर:

रोमिंग: १००+२० = १२०, कॉल त्यातच.
ई-सिम: ४५+३६+२० = १०१.

तिप्पट वाटत होता तो फरक १९ वर आला. तो ठरतोय डेटावर नाही, त्या १७ मिनिटांवर. घरच्यांना इंटरनेट कॉल करायला सांगितलंत की ३६ गेले आणि ई-सिम ६५ वर येतं. घरी एखादं वडीलधारं माणूस असेल, ज्यांना साधाच फोन जमतो, तर ते ३६ धरूनच चाला.

दर्यावर्दी
मीही हेच शोधत होतो. आमची समुद्रसफर आहे, पाच दिवस जहाजावर, दोन दिवस बंदरांत. दिवसाचा रोमिंग पॅक घेतला तर जहाजावर चालेल ना?

हिशेबनीस
@दर्यावर्दी, नेहमीचा देशाचा पॅक बहुधा नाही चालणार. किनारा सुटला की फोन जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो, ते उपग्रहावरून चालतं आणि त्याचा दर वेगळा असतो. विमानातल्या नेटवर्कचंही असंच. पॅकच्या यादीत जहाजाचं नेटवर्क नावानिशी लिहिलेलं नसेल तर बंदर सोडण्याआधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफाय तेवढं चालू करा. बाकी तुमचा प्रश्न वेगळा आहे, स्वतंत्र धागा काढलात तर बरं.

निळीशाई
१२ मिनिटांचं ध्यानातच आलं नव्हतं. आई साधाच फोन करणार, त्यामुळे ३६ आहेतच. दोघांचा मिळून हिशेब कसा करू? आणि ५ जीबी पुरेल का, हे कसं ओळखायचं?

टपालपेटी
डेटाचा अंदाज महिन्याच्या मोबाइल डेटावरून काढू नका, घरी बरंचसं काम वायफायवर झालेलं असतं. सेटिंगमध्ये ॲपनुसार वापर दिसतो. त्यात मोबाइल आणि वायफाय दोन्ही बघा, घरी टीव्हीसारखं बघितलेलं वजा करा आणि उरलेल्याचा चौथा हिस्सा घ्या. खरा चोर फोटोंचा बॅकअप. ४के मध्ये एका मिनिटाचं चित्रीकरण दीड-दोनशे एमबी सहज होतं. दिवसाला दहा मिनिटं शूट केलंत आणि बॅकअप मोबाइल डेटावर चालू राहिला, तर ५ जीबी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच संपेल. बॅकअप आणि ॲपचे अपडेट ‘फक्त वायफाय’वर टाका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. मग नकाशे, निरोप आणि थोडं ब्राउझिंग यांना दोघांत ५ जीबी जड जाऊ नये.

दोघांचा हिशेब तुमच्या फोनांच्या खाचांवर ठरतो. नवऱ्याच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत तिथलं सिम घाला: ३६. पहिल्या खाचेत घरचं सिम राहील, ओटीपी येत राहतील. स्थानिक कॉल त्याच फोनवरून करा, ते २० वाचले. तुम्ही त्याच्या हॉटस्पॉटवर. तुमच्या आईचे ३६ धरून दोघांचे मिळून ७२. दिवसा वेगवेगळे फिरणार असाल तर तुमच्यासाठी ३२ वालं ई-सिम घ्या, ते संपल्यावरचे पाच तास हॉटस्पॉटवर काढा. एकूण १०४. दोघांनी रोमिंग घेतलं तर २४०. एकानेच घेऊन हॉटस्पॉट दिला तर १२०, आणि तो पॅक तुमच्या फोनवर असेल तर आईचे कॉलही त्यातच.

एक बघून घ्या. काही फोनमध्ये दुसरी खाच सिम आणि मेमरी कार्ड यांच्यात सामाईक असते. ट्रे बाहेर काढून बघा. सामाईक असेल तर सिमसाठी मेमरी कार्ड काढावं लागेल, आणि फोटो त्यावरच साठत असतील तर आधी फोनमध्ये हलवा.

भटक्या_जीव
बरं, कॉलचं मान्य. पण मग न उचलणं सोपं नाही का? मिस्ड कॉल बघायचा आणि इंटरनेटवरून उलट करायचा.

हिशेबनीस
व्हॉइसमेल किंवा कॉल फॉरवर्डिंग चालू नसेल तर चालेल. ते चालू असेल तर न उचललेला कॉल महागात पडू शकतो. कॉल घरून परदेशातल्या नेटवर्कपर्यंत येतो, तुम्ही उचलत नाही, मग तो वळवला जाऊन परत घरच्या देशात जातो. म्हणजे एक आलेला रोमिंग कॉल आणि एक परदेशातून केलेला, दोन्ही तुमच्या नावावर लागू शकतात. बिलात एकाच मिनिटाला दोन नोंदी दिसल्या की समजायचं. निघायच्या आधी, घरच्या नेटवर्कवर असतानाच, हे डायल करा:

```
##002#
```

याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. कामासाठी मुद्दाम लावलेलं असेल तर तेही जातं, परत आल्यावर पुन्हा लावावं लागेल.

टपालपेटी
ई-सिमच्या बाजूने आणखी थोडं. आधी *#06# दाबा. ३२ आकडी EID दिसला तर फोनला ई-सिमची सोय आहे, पण फोन एखाद्या कंपनीशी बांधलेला नाही ना ते सेटिंगमध्ये वेगळं तपासा. प्रोफाइल घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, कारण उतरवायला इंटरनेट लागतं आणि विमानतळावर तेच नसतं. मुदत उतरवल्यापासून मोजतात की पहिल्यांदा नेटवर्क पकडल्यापासून, हे विकत घेताना वाचा. उतरवल्यापासून मोजणारं असेल तर आदल्या रात्रीपेक्षा लवकर उतरवू नका.

पोचल्यावर नेट चालेना म्हणून लोक ई-सिम पुसून पुन्हा टाकायला जातात, ते करू नका. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं: प्रवासी ई-सिम स्वतःच रोमिंगवर चालतं, म्हणून त्याचं डेटा रोमिंग चालू हवं. घरच्या सिमचं बंद. तरीही चालेना तर विक्रेत्याने दिलेलं APN घालून बघा. ‘गरज पडल्यास दुसऱ्या सिमचा डेटा वापरा’ अशा अर्थाचं सेटिंग असतं, तेही बंद ठेवा. ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप घरच्या सिमवर जाऊ नये.

निळीशाई
छान. ट्रे काढून बघितला, खाच सामाईक आहे, कार्डावर फोटोही आहेत. आज हलवते. म्हणजे तिथलं सिम त्याच्या फोनमध्ये, ३२ वालं ई-सिम माझ्यात. सिम विमानतळावर घेऊ की गावात?

हिशेबनीस
३० हा दर कंपनीच्या संकेतस्थळावरचा आहे की विमानतळावरच्या काउंटरचा? पुष्कळदा काउंटरवर पर्यटकांसाठी वेगळाच, महाग पॅक ठेवतात. तुमच्याकडे ई-सिम असणार, त्यामुळे उतरल्या-उतरल्या अडून राहणार नाही. सिम दुसऱ्या दिवशी गावात घ्या. पासपोर्ट लागतो, छायाप्रत नाही, मूळ. दुकानातून निघण्याआधी वायफाय बंद करून एक पान उघडून बघा आणि एक कॉल लावून बघा.

भटक्या_जीव
आईच्या ३६ वर माझं एक राहिलंय. घरच्या सिमचं वायफाय कॉलिंग चालू करून हॉटेलच्या वायफायवर कॉल घेतला तर तो घरच्या दरानेच लागतो. म्हणजे तेही शून्य.

टपालपेटी
काही कंपन्यांत लागतो, काही कंपन्या परदेशातून वायफाय कॉलिंग चालूच देत नाहीत, तर काही ते रोमिंगच धरतात. त्यात हॉटेलचं वायफाय मध्येच तुटलं तर चालू कॉल मोबाइल नेटवर्कवर सरकू शकतो आणि तिथून मिनिटाला ३. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, तोवर ३६ खोडू नका.

भटक्या_जीव
माझ्या मते एअरप्लेन मोडमध्ये वायफाय कॉलिंग ठेवलं तर सरकणारच नाही.

टपालपेटी
सरकणार नाही, कॉल फक्त तुटेल. पण एअरप्लेन मोडमध्ये ई-सिमही बंद, त्यामुळे हे हॉटेलातच जमेल. आईंनी कॉलची वेळ पाळली तर.

निळीशाई
आई वेळ पाळणार नाही :) कंपनीला ईमेल केलाय, उत्तर आलं की इथे टाकते.