‘कमिट शेवटी लिहा’: शेवटी म्हणजे कशाच्या शेवटी?

मृण्मयी, ठाणे
ऐरोलीतल्या डिप्लोमाच्या मुलांसाठी डेटाबेसची टिपणं मराठीत करतेय. अनडू लॉगला ‘पूर्ववत नोंद’ आणि रीडू लॉगला ‘पुनर्नोंद’ असं लिहिलं; तिसरी पद्धत दोन्ही मिळून, अनडू-रीडू. अनडूच्या पानावर वाक्य आहे, ‘कमिटची नोंद शेवटी लिहावी.’ एका मुलाने विचारलं, “मॅडम, कमिट तर तिन्ही पद्धतींत शेवटीच असतं, मग फरक कुठे?” मला उत्तर सुचेना. शब्द बदलू की वाक्य?

नौपाड्याचे काका
मी जन्मभर हिशेबखात्यात काढला. लॉग म्हणजे आमची रोजकीर्द आणि डेटा पेज म्हणजे खतावणी. आधी कीर्दीत, मग खतावणीत. आपला शब्द असताना ‘लॉग’ कशाला?

महापेकर
काका, उपमा नेमकी आहे, पण ती रीडूची झाली. रीडूत कमिटसकट सगळी कीर्द डिस्कवर उतरल्याशिवाय खतावणीला हात लावायचा नाही. अनडूत उलट आहे. तिथे प्रत्येक बदलाची जुनी रक्कम आधी कीर्दीत जाते, मग खतावणीची सगळी पानं डिस्कवर जातात आणि त्यानंतरच कमिट.

मृण्मयीताई, तुमचा विद्यार्थी बरोबर बोलला. लॉगमध्ये कमिट नेहमीच शेवटी असतं. प्रश्न डेटा पानांच्या आधी की नंतर, एवढाच आहे. समजा अ खात्यात 500, ब खात्यात 200 आणि अ कडून ब कडे 100 पाठवायचे. अनडू लॉग असा दिसेल:

```
<START T>
<T, A, 500>
<T, B, 200>
<COMMIT T>
```

अ चं पान 400 होऊन डिस्कवर गेलं, ब चं जायच्या आत वीज गेली. लॉगमध्ये कमिट नाही, म्हणून यंत्र सुरू होताना शेवटाकडून मागे वाचत 200 आणि 500 परत बसवतं. हिशेब जुळला. आता तेच कमिट ब च्या पानाआधी उतरलं असतं तर? यंत्र म्हणणार, काम पुरं झालंय. अ कडे 400, ब कडे 200. शंभर रुपये गेले आणि लॉगमध्ये नवी रक्कमच नाही, मग भरून काढणार कशातून?

रीडूत लॉगमध्ये 400 आणि 300 असतात. तिथे अ चं पान कमिटआधी उतरलं आणि वीज गेली, तरी तसेच शंभर जातात, कारण परत फिरायला जुनी रक्कम नाही.

वाशीकर
अनडूला सरळ ‘माघार’ म्हणा. परवा माझी सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट बिघडली, Ctrl+Z दाबून माघारच घेतली की.

महापेकर
तिथे बटण तुम्ही दाबलंत. इथे माणूस नसतो, बंद पडलेलं यंत्र स्वतःच लॉग वाचून ठरवतं. ‘माघार’ शब्द मात्र मला आवडला.

शब्दवेडी, डोंबिवली
‘पूर्ववत नोंद’ मराठीच नाही. पूर्ववत होतो तो डेटा, नोंद नव्हे. ‘पुनर्नोंद’ तर सरळ चूक, पुन्हा होते ती कृती. नोंदीत काय आहे त्यावरून नाव द्या: जुन्या किमतीची नोंद, नव्या किमतीची नोंद. आणि काका, ‘कीर्द’ तरी आपला कुठला? फारसी आहे.

नौपाड्याचे काका
फारसी असेल, पण कागदपत्रांत मुरून तीनशे वर्षं झाली. मला वाटतं ‘केलेलं’ अशा अर्थाचा असावा.

शब्दवेडी
जुन्या कागदांत ‘कीर्द’ लागवडीलाही येतो. म्हणजे अर्थ एवढा सरळ नाही.

मृण्मयी
थांबा ना. अनडू-रीडूत ‘शेवटी’चं काय करू?

महापेकर
त्यात प्रत्येक नोंदीत दोन्ही रकमा असतात: `<T, A, 500, 400>`. नियम एकच, पान उतरण्याआधी त्याची नोंद उतरलेली हवी. कमिट अ आणि ब च्या पानांच्या मध्येही येऊ शकतं. कमिट सापडलं तर 400 आणि 300 पुन्हा बसवायचे, नसेल तर 500 आणि 200. लॉग फुगतो, पण मोकळीक मिळते. नुसत्या अनडूत कमिटसाठी सगळी पानं उतरेपर्यंत थांबावं लागतं, नुसत्या रीडूत कमिट होईपर्यंत बदललेली पानं मेमरीत अडकून राहतात.

खरी गोची ‘लिहिणे’ या क्रियापदात आहे. नोंद मेमरीत लिहिली जाते तेव्हाही आपण ‘लिहिली’ म्हणतो. वीज गेल्यावर उरतं ते फक्त डिस्कवरचं. म्हणून आम्ही कामावर ‘उतरली का?’ असंच विचारतो.

मृण्मयी
मग असं करते: ‘अनडूत व्यवहाराची सगळी पानं डिस्कवर उतरल्यावरच कमिटची नोंद उतरवावी.’

शब्दवेडी
‘उतरणे’? पान वरून खाली येतं का? ‘पोहोचणे’ म्हणा.

नौपाड्याचे काका
आम्ही कीर्दीतून खतावणीत नोंद ‘उतरवून घे’ असंच म्हणायचो. ‘पोहोचते’ ती टपाल.

शब्दवेडी
ते नकलून घेणं झालं, काका. इथे नक्कल नाही, मूळच हलतंय.

महापेकर
मूळ मेमरीत राहतंच. डिस्कवर जाते ती नक्कलच.