बाई नुसत्या बघत बसतात, मग शिकवतं कोण?

राजारामपुरीकर: साडेतीन वर्षांची पोरगी महिनाभर मॉन्टेसरी शाळेत लाकडी दट्टे खोक्याच्या भोकांत घालते नि काढते. बाई शेजारी बसून बघतात. शेजारचा पोरगा साध्या बालवाडीत १ ते २० म्हणतोय. फी कशाची घेतात मग?

बालवाडीची ताई: बघण्याचीच. दहा दट्टे, उंची एकच, जाडी कमी होत जाते. पोरीनं बारका दट्टा मोठ्या भोकात टाकला तर तो जातो, कुठं अडत नाही. अडतं शेवटी: हातात जाडा दट्टा, समोर बारकं भोक. मग ती सगळे काढून पुन्हा बसते. मी तिसऱ्यालाच "अगं, तिकडं" म्हटलं, तर चौथ्याला ती भोकाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघणार. मात्र पहिल्या फटक्यात दहाच्या दहा बसत असतील आणि तरी तेच खोकं पुढ्यात असेल, तर बाईंचं चुकतंय.

पंचगंगा_पाणी: म्हणजे चूक वस्तूच सांगते, बाईची गरजच नाही. वाद मिटला!

बालवाडीची ताई: एवढंही सोपं नाही भावा. फक्त उंची बदलणारं खोकं घे, त्यात कुठलाही दट्टा कुठंही जातो. एक बुडतो, एक वर येतो, ते डोळ्यालाच दिसायला हवं. मनोऱ्याचे ठोकळे उलटसुलट रचले तरी उभे राहतात. शिवाय दट्ट्याची मूठ तीन बोटांत कशी धरायची, हे आधी बाईच दाखवते.

शाहूपुरीचा बाबा: आम्ही सुताराकडून खोकं करून घेतलं. जुलैत लाकूड फुगलं, बरोबर दट्टाच जाईना. पोरगं म्हणालं, "माझं चुकलं." घासून घेतलं, तर उन्हाळ्यात शेजारचा दट्टाही त्यात बसाय लागला.

पंचगंगा_पाणी: ओरिजिनल घ्यायचं की राव.

शाहूपुरीचा बाबा: पैसे तू देतोस? ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी काढली, ती काय मॉन्टेसरीबाईंच्या इटलीची खोकी मागवून? दगड, बिया, पानं वापरलीच की तिथं.

पंचगंगा_पाणी: बियांत चूक कशी कळणार, ते सांग आधी!

शाहूपुरीचा बाबा: फुगलेल्या खोक्यात कळली काय?

निवृत्त मास्तरीण: भांडा खुशाल. माझ्या वर्गात ३८ पोरं होती. गोलात गाणं म्हणताना घरी न बोलणारं पोरगंसुद्धा तोंड उघडायचं. दट्ट्यानं ते होतं का?

बालवाडीची ताई: नाही होत, मावशी. आणि ३८ पोरांत एक खोकं म्हणजे सदतीस जण भिंतीकडं बघणार, हेही कबूल. पण गाण्यात "वीस" म्हणणारं पोरगं वीस चिंचोके मोजून देतं का, तेवढं बघा.

राजारामपुरीकर: आज घरी डबे नि झाकणं दिली. दुसऱ्याच झाकणाला अडली आणि माझ्याकडं बघितलं. मी सांगून टाकलं. सवयच आहे आमची. पण फीचं कुणी बोललं नाही अजून.