मदत हवी आहे : पोलिसांची जुनी इंग्रजी विनोदी मालिका, 'जिम पडला'वाली केस

रिकामटेकडा : लहानपणी कॅसेटवर पाहिलेली मालिका शोधतोय. डिटेक्टिव्ह पांढऱ्या केसांचा, चेहरा कायम गंभीर. एक बूटपॉलिशवाला नोटा सरकवल्या की शहरातलं काहीही सांगायचा. एक पोलीस इतका उंच, की त्याचं तोंड कधी पडद्यावर मावलंच नाही. एका केसमध्ये एक बाई जबाब देते आणि नावांचा भयंकर घोळ होतो. तो भाग कुठला? अजून एक आठवतंय : गणवेशातला इन्स्पेक्टर, त्याच ठाण्यातल्या सार्जंट बाईबरोबर राहणारा, सतत प्रवचनं देणारा. आणि चोर स्वतःच पोलीस व्हॅन चालवत ठाण्यात येतो!

चंद्रमुखीभक्त : एफ.आय.आर. असणार! चौकी, हवालदार गोपी, सगळं जुळतंय. आमच्याकडे जेवण त्यावरच व्हायचं.

रिकामटेकडा : अहो, इंग्रजी म्हटलंय.

पडदानशीन : नेकेड गन. लेस्ली नील्सन.

जुनीरीळ : माणूस बरोबर, पण तो चित्रपट १९८८चा. त्याआधी १९८२ मध्ये एबीसीवर 'पोलीस स्क्वॉड!' आली होती, जेमतेम ६ भागांची. बूटपॉलिशवाला जॉनी तिथलाच. त्याच्याकडे डॉक्टरही शस्त्रक्रियेचा सल्ला विचारायला यायचे. उंच पोलीस म्हणजे अ‍ॅल. तुमची केस पहिल्याच भागातली.

सॅली नावाची बाई पतपेढीत कामाला. दाताच्या डॉक्टरचं बिल थकलेलं, म्हणून ती रोखपाल जिम जॉन्सनला गोळी घालते, मग राल्फ ट्वाइस नावाच्या बेकाराला मारून तोच दरोडेखोर होता असं भासवते. आता जबाब. ती म्हणते, 'जिम फेल', म्हणजे जिम पडला. पण फेल आडनावाचा हिशेबतपासनीसही तिथे आहे, तो आजारी. त्यात ट्वाइस म्हणजे दोनदा! आधी 'मी एकदाच गोळी झाडली' आणि मग 'ट्वाइसला मारलं' म्हटलं की डिटेक्टिव्ह ड्रेबिनला वाटतं, बाई जबाब फिरवतेय. गंमत अशी, की कोणी हसत नाही. सगळे मन लावून तपास करतात आणि घोळ वाढतच जातो. मराठी डबिंगमध्ये यातलं काहीच उरणार नाही, आडनावंच बदलावी लागतील.

पडदानशीन : शेवटी चित्र गोठायचं तेही यातच ना? मला वाटायचं कॅसेट अडकली.

जुनीरीळ : हो. चित्र गोठत नाही, नटच पुतळ्यासारखे थांबतात. कॉफी मात्र कपाबाहेर वाहत राहते.

रिकामटेकडा : हाच! आणि प्रवचनवाला?

जुनीरीळ : तो वेगळ्याच मालिकेतला. 'द थिन ब्लू लाइन', १९९५, रोवन अ‍ॅटकिन्सनचा फाउलर. सार्जंट बाई म्हणजे डॉकिन्स. तुम्ही दोन कॅसेटी एकात घातल्यात.

चंद्रमुखीभक्त : व्हॅनवाला चोर मात्र एफ.आय.आर.मध्येच पाहिलाय, बहुतेक.

रिकामटेकडा : बहुतेक? भाग आठवला तर टाका. तोवर शोधतोय.