मदत हवी आहे: अ‍ॅपवरची डाउनलोड केलेली गाणी डीजे सॉफ्टवेअरमध्ये लोड होईनात

परभणीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड डीडीजे-एफएलएक्स4 कंट्रोलर घेतला आणि लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स टाकून घरच्या घरी शिकायलोय. धंदा नाही, नुसता नाद आहे. आता चुलतबहिणीची हळद आहे पाथरीजवळच्या गावात. काका म्हणले, बाहेरचा डीजे कशाला, तूच वाजव. झालं, अंगावर आलं.

माझ्या फोनात एका म्युझिक अ‍ॅपचं पैसे भरून घेतलेलं सबस्क्रिप्शन आहे. हळदीसाठी 41 गाणी त्यात डाउनलोड करून ठेवली. फोन लॅपटॉपला जोडला, तर गाणी कुठं दिसेनातच. शोधत शोधत `Android/data` च्या आत गेलो, तिथं आकडे-अक्षरांच्या लांबलचक नावाच्या फायली सापडल्या, एकीलाही एक्स्टेन्शन नाही. एकीचं नाव बदलून `.mp3` केलं. रेकॉर्डबॉक्स म्हणतं फाइल वाचता येत नाही. व्हीएलसीतही वाजत नाही. पैसे भरलेत, गाणं फोनात आहे, मग लॅपटॉपला काय झालं? हळदीला 16 दिवस राहिलेत.

ढोलकी_डॉट_कॉम
प्रीमियम प्लॅन घे भावा, फुकटच्या प्लॅनवर डाउनलोड होत नाही. मी प्रीमियम घेतला अन् लगेच चालू झालं.

परभणीचा_पोरगा
दादा, प्रीमियमच आहे. डाउनलोड होतं, अ‍ॅपमध्ये वाजतंही. लॅपटॉपवर लोड होईना, हा त्रास आहे.

बीडचा_बँडवाला
हळदीला 10 वाजता आवाज बंद करावा लागतो. पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. आमच्या बँडवर मागच्या वर्षी दोनदा नोटीस आली. बेस कमी ठेवा, सब निम्म्यावर.

वायर_आणि_जॅक
बीडकर, सल्ला चांगला आहे, पण त्याचा प्रश्न वेगळा आहे.

परभणीकर, तुझ्या फोनात गाणं आहे खरं, पण कुलूप लावून आहे. अ‍ॅप जे डाउनलोड म्हणतं ती एन्क्रिप्ट केलेली फाइल असते आणि तिची किल्ली त्या अ‍ॅपकडे, तुझ्या अकाउंटला बांधलेली असते. म्हणून नाव `.mp3` केल्याने काही होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली, आतला माल तोच राहिला. किल्लीला मुदतही असते. स्पॉटिफायचंच बघ, 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन जावं लागतं, नाहीतर डाउनलोड केलेली गाणी वाजेनाशी होतात. सबस्क्रिप्शन म्हणजे भाड्याची खोली. राहता येतं, भिंत पाडता येत नाही.

आता डीजे सॉफ्टवेअरला काय लागतं ते बघ. तू गाणं डेकवर टाकलंस की ते आधी अख्खं गाणं उलगडून वाचतं. त्यावरून वेव्हफॉर्म काढतं, बीट कुठं कुठं पडतोय ते आखतं, गाणं कुठल्या पट्टीत आहे ते ओळखतं. मग तू क्यू पॉइंटवर उडी मारतोस, चार बीटचा लूप लावतोस, टेम्पो 98 वरून 102 करतोस, आणि त्याच वेळी दुसऱ्या डेकवर दुसरं गाणं चालू असतं. या सगळ्याला उघडा आवाज हातात लागतो. अ‍ॅप तो आवाज थेट स्पीकरकडे पाठवतं, मधे कुणाला हात लावू देत नाही. कंपन्यांना गाणी ज्या परवान्यावर मिळतात तो एका माणसाने ऐकण्याचा असतो. दोन गाणी एकावर एक चढवून मिसळणं त्यात आपोआप येत नाही, त्याचा करार वेगळा करावा लागतो.

मंजिरी_लातूर
पण माझा भाऊ तर 2019 मध्ये स्पॉटिफाय थेट डीजे अ‍ॅपमध्ये वाजवायचा. आयपॅडवर. मी डोळ्यांनी पाहिलंय.

वायर_आणि_जॅक
बरोबर पाहिलंय. तेव्हा अल्गोरिद्दिमच्या डीजे अ‍ॅपमध्ये चालायचं. 1 जुलै 2020 ला ते बंद झालं. सप्टेंबर 2025 मध्ये परत आलं, आता रेकॉर्डबॉक्स, सेराटो आणि त्याच अ‍ॅपमध्ये, प्रीमियमवाल्यांना, पण ठरावीक देशांपुरतं. रेकॉर्डबॉक्सच्या डाव्या यादीत स्पॉटिफाय दिसतं का आणि लॉगिन होतं का, ते करूनच बघा. अ‍ॅपल म्युझिक 2025 च्या मार्चपासून रेकॉर्डबॉक्स आणि सेराटोशी जोडता येतं. आपली देशी अ‍ॅपं यातल्या कशालाच जोडलेली नाहीत.

म्हणजे लोड होतं, पण फक्त अधिकृत दारातून. लॉगिन सॉफ्टवेअरच्या आतून करायचं, गाणं इंटरनेटवरून येतं, हाताला फाइल लागत नाही. मिक्स रेकॉर्ड करायला गेलास की रेकॉर्डिंगचं बटण बंद. पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट नाही.

परभणीचा_पोरगा
मग अ‍ॅपल म्युझिक घेऊन जोडतो की. एफएलएक्स4 चालतो ना सेराटोवर?

वायर_आणि_जॅक
चालतो, सेराटो लाइटवर. पण थांब, गावात नेटवर्क कसं आहे? घरी सरावाला हे उत्तम आहे, मी स्वतः तेच वापरतो. हळदीत मात्र मांडवात चारशे फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात. दुसऱ्या डेकवर गाणं चढवलंस आणि वेव्हफॉर्म अर्ध्यावर थांबला तर पहिलं संपेपर्यंत तुझ्या हातात काहीच नाही. अ‍ॅपल म्युझिकच्या अ‍ॅपमध्ये गाणं आधी डाउनलोड करून ठेवलंस तरी डीजे सॉफ्टवेअरला त्याचा उपयोग नाही. डीजेंसाठीच्या बीटपोर्टवर ऑफलाइन लॉकर मिळतो, महागड्या प्लॅनवर. पण तिथं हाऊस, टेक्नो. मराठी हळदीचं एक गाणं शोधून दाखव.

मी_पैठणचा
एवढं कशाला? लग्नाला कायद्यात सूट आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 52, लग्नातल्या कार्यक्रमात गाणं वाजवलं तर भंग होत नाही. यूट्यूबवरून एमपी3 काढ अन् वाजव. सगळे तेच करतात.

अ‍ॅड_गोदाकाठ
निम्मं बरोबर. कलम 52 (1) (za) मध्ये धार्मिक समारंभात गाणं वाजवण्याला सूट आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम येतात. पण ही सूट वाजवण्याची आहे. कॉपी करण्याची नाही आणि कुलूप तोडण्याची तर नाहीच. कुलूप तोडण्यावर 2012 च्या दुरुस्तीतून वेगळं कलम आलं, 65A. हक्कभंगाच्या हेतूने केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

मी_पैठणचा
मग लग्नात वाजवायला परवाना लागतच नाही ना? ते तरी सांगा सरळ.

अ‍ॅड_गोदाकाठ
घरच्या मांडवातली हळद, घरचाच पोरगा वाजवतोय, पैसे घेत नाही: इथं मला चिंता वाटत नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये पैसे घेणारा डीजे आला की भांडण सुरू. सूट सगळ्या लग्नांना आहे असं सांगणारं गोवा सरकारचं परिपत्रक 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. त्यामुळे सरळ उत्तर देऊन मी स्वतःला अडकवणार नाही. आणखी एक. कायद्याची सूट वेगळी, अ‍ॅपच्या अटी वेगळ्या. अ‍ॅपच्या अटींत वैयक्तिक वापरच लिहिलेला असतो, मग ते डीजे सॉफ्टवेअरला जोडलेलं असलं तरी.

मंजिरी_लातूर
म्हणजे बिचाऱ्याने करायचं काय?

वायर_आणि_जॅक
विकत घ्यायची. भाडं नाही, खरेदी. अ‍ॅपलचंच आयट्यून्स स्टोअर आहे, सबस्क्रिप्शनपासून वेगळं, यूपीआय चालतं. तिथली गाणी 2009 पासून बिनकुलपाची आहेत, 256 केबीपीएस एएसी. चार मिनिटांचं गाणं साधारण 8 एमबी, तुझी 41 गाणी मिळून साडेतीनशे एमबीच्या आत. नेट नसलं तरी बिघडत नाही, क्यू आणि बीटग्रिड आधी घरी बसून लावून ठेवता येतात.

विकत घेतलेलं आणि भाड्याचं ओळखायचं असं: आयट्यून्समध्ये गाण्यावर राइट क्लिक करून माहिती उघड, Kind ची ओळ बघ.

```
Purchased AAC audio file      (.m4a)  लोड होणार
Apple Music AAC audio file    (.m4p)  लोड होणार नाही
```

बँडकॅम्पवर विकत घेतलं तर फ्लॅक किंवा वेव्हसुद्धा मिळतं, पण तिथं मराठी फार थोडं. आणि घरात जुन्या ऑडिओ सीडी असतील तर फेकू नकोस. त्यांना कुलूप नसतं, लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह जोडून फ्लॅकमध्ये काढ. जुनी लोकगीतं कित्येकदा तिथंच सापडतात.

‘डीजे अमुक रिमिक्स फ्री डाउनलोड’ वाल्या साइटवरून मात्र काही उचलू नकोस. निम्म्या गाण्यांच्या मधेच त्या डीजेचं नाव ओरडतं, आणि मूळ गाण्याचा परवाना त्याच्याकडेच नसतो तर तुला कुठून देणार?

परभणीचा_पोरगा
आठ दिवसांनी अपडेट. 33 गाणी आयट्यून्स स्टोअरवर मिळाली, घेतली. पहिल्या दिवशी घाबरलो, कारण विकत घेतलेलं एक गाणं लोडच होईना. अर्धा तास डोकं खाजवलं. मग वायरदादांनी सांगितलेली Kind ची ओळ बघितली. त्याच गाण्याच्या दोन प्रती होत्या. चाचणीसाठी अ‍ॅपल म्युझिकचा फुकट महिना घेतला होता, त्यातली `.m4p` तिथंच पडून होती आणि मी तीच ओढत होतो. ती काढली, `.m4a` टाकली, दोन सेकंदांत वेव्हफॉर्म आला.

चार गाणी बाबांच्या सीडीतून निघाली. एका सीडीवर ओरखडा होता, तिसरं गाणं मधेच अडखळतं, ते सोडलं. काल शेतावर लॅपटॉपचं वायफाय बंद करून दोन तास वाजवून बघितलं. 37 गाणी लोड, एकही अडलं नाही. दोन गाण्यांची बीटग्रिड चुकलेली होती, ढोलकीचा ठेका असला की रेकॉर्डबॉक्स दुप्पट बीपीएम धरतं. ती हाताने निम्मी केली.

चार गाणी कुठंच विकत मिळेनात. त्यात आजीचं आवडतं एक आहे, ते नाही वाजवलं तर मांडवात उभं राहू देणार नाही.

ढोलकी_डॉट_कॉम
फोन थेट मिक्सरला लाव, ऑक्सने. अ‍ॅपमधूनच वाजव. मिक्स नको करू, तेवढं एक गाणं आहे तसं जाऊ दे.

अ‍ॅड_गोदाकाठ
अटी मी वर सांगितल्यात.

मंजिरी_लातूर
वकीलसाहेब, आजीला तुम्ही सांगायला या मग.

बीडचा_बँडवाला
ऑक्सची केबल दोन ठेवा. एक हमखास खरखरते. अन् फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर गाण्यात मधेच कॉल वाजतो. त्या गाण्याला आमच्यावेळी सनई असायची, ते बेस्ट.