टाकी भरल्यावर मोटर बंद करायला रास्पबेरी पाय लागतो काय?

रंकाळा_रहिवासी (मूळ पोस्ट)

पोरगं यंदा नववीत. सुट्टीत टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल असं काहीतरी करतो म्हणतंय. माझं स्पष्ट मत सांगतो. पोरांना ईएसपी, आर्डुइनो असली खेळणी देऊन वेळ घालवू नका, पहिल्याच दिवशी रास्पबेरी पाय द्या. अख्खा कॉम्प्युटर आहे, लिनक्स शिकतं, पायथन शिकतं, उद्या कॅमेरा जोडायचा झाला तरी बोर्ड बदलावा लागत नाही. वेगळं मत असेल तर सांगा, पण कारणासकट.

उद्यमनगरी_पॅनेलवाला

कारणासकट म्हणालात म्हणून बसलो लिहायला, नाहीतर "खेळणी" वाचूनच पुढं गेलो असतो.

साहेब, या कामात आहे काय? टाकीतले दोन फ्लोट वाचायचे आणि एक रिले ओढायचा. अवघड आहे ते हे काम रोज करणं, तेही लाइट गेली-आली तरी. आपल्याकडं वळवाचा वारा सुटला की लाइट किती वेळा डोळे मिचकावते ते तुम्हाला सांगायला नको. पायला बंद करायची रीत असते. कार्डावर काही लिहिणं चालू असताना करंट गेला की फाइल सिस्टीम बिघडू शकते. मग लाल दिवा लागलेला दिसतो, हिरवा लुकलुकत नाही, आणि पोरगं शपथेवर सांगतं की काल प्रोग्रॅम चालत होता. ते खरंच बोलत असतं. ईएसपी३२ ला असलं काही नाही. करंट आला की सेकंदाभरात कामाला लागतो, तेवढ्यात पायचं बूट होणं निम्मंही झालेलं नसतं.

कॅमेरा म्हणाल तर टाकीत कॅमेरा सोडून बघायचंय काय?

आता पोरगं खरं कुठं अडकतं ते सांगतो. शेजारच्या पोराचा बोर्ड माझ्याकडं आला होता. फ्लोट ३४ नंबरच्या पिनला जोडलेला, प्रोग्रॅममध्ये `INPUT_PULLUP` व्यवस्थित लिहिलेलं. तरी रीडिंग नाचत होतं, वायरजवळ हात नेला की बदलत होतं. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या, त्यांना आत पुल-अप नसतोच. वायर ३३ ला घातली, बाहेरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर दिला, गप्प बसलं. गच्चीवरून तीन मजले वायर खाली येणार असेल तर आतल्या पुल-अपवर तसंही विसंबू नका, तो फार कमजोर असतो. आणि ती वायर मोटरच्या वायरीबरोबर एका पाइपातून आणू नका.

रंकाळा_रहिवासी

कार्डाचं रडगाणं दहा वर्षं ऐकतोय. `raspi-config` मध्ये Overlay File System म्हणून पर्याय आहे तो चालू करा. कार्डावर लिहिणंच थांबतं, लाइट जाऊ दे नाहीतर राहू दे. स्वतः वापरलेलं नसताना पोरांना घाबरवू नये.

उद्यमनगरी_पॅनेलवाला

वापरलंय, म्हणूनच बोलतोय. ते चालू केलं की पोराने संध्याकाळी केलेला बदल लाइट गेल्यावर गायब. मग ओव्हरले बंद करा, रीबूट करा, बदल करा, परत चालू करा, परत रीबूट. ज्याला तुम्ही अजून लिनक्स शिकवणार आहात त्याला हे पहिल्याच आठवड्यात? बादलीभर पाणी आणायला टँकर बोलवायचा प्रकार आहे.

राजारामपुरीची_आई

बोर्डावरून भांडताय ते ठीक, पण कुणाच्या लक्षात आलंय का, की नववीतलं पोर ओल्या गच्चीच्या घरात २३० व्होल्टच्या मोटरला हात घालणार आहे? मी शाळेत शिकवते. गेल्या वर्षी एका क्लासने मुलांना पेटीतून किट दिलं, त्यात तो निळा रिले, उघड्या स्क्रूवर मेनची वायर. पालकांकडून घसघशीत फी घेतली आणि कागदावर लिहून दिलं "मोठ्यांच्या देखरेखीखाली". मोठ्यांना तरी काय कळतं त्यातलं? आधी याचं उत्तर द्या.

भावा_नादखुळा

ताई एवढं काय घाबरायचं. त्या रिलेवर १० अँपिअर २५० व्होल्ट छापलेलं असतंय की. एक एचपीची मोटर पाच-सहा अँपिअर खाते. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर चालणार. माझ्या घरात तोच आहे, एकदम ओके.

उद्यमनगरी_पॅनेलवाला

भावा, आकडा बरोबर वाचलास, गोष्ट अर्धीच वाचलीस. पाच-सहा अँपिअर हा चालू असतानाचा. मोटर उठताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते. शिवाय छापलेले १० अँपिअर हीटर-बल्बसारख्या साध्या लोडचे, मोटरचे नव्हेत. आज ओके आहे, उद्या त्यातले काँटॅक्ट चिकटतील. कळायचं कसं? रिले "टक" करतो, बोर्डावरचा दिवा विझतो, प्रोग्रॅम म्हणतो मोटर बंद, आणि मोटर चालूच. पाणी जिन्यावरून खाली आलं की घरातले प्रोग्रॅममध्ये चूक शोधायला लागतात.

ताईंचा मुद्दा शंभर टक्के रास्त. माझी पद्धत अशी: छोट्या रिलेने मोटर चालवायचीच नाही. त्याने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची, आणि मोटरचा करंट कॉन्टॅक्टरमधून न्यायचा. सिंगल फेज एक एचपीला एसी-३ चा ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर पुरतो. तो, एमसीबी आणि ओव्हरलोड रिले बंद पेटीत वायरमनकडून बसवून घ्या, अर्थिंगसकट. पेटीतून पोराकडं फक्त कमी व्होल्टची बाजू बाहेर येऊ दे. पोरगं बोर्ड, फ्लोट आणि प्रोग्रॅम बघेल. पेटीचं झाकण त्याने उघडायचं नाही.

राजारामपुरीची_आई

हे पटलं. म्हणजे बोर्डापेक्षा वायरमनचा खर्च जास्त. हे त्या क्लासवाल्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

भावा_नादखुळा

खर्च वाढवायची कामं हो. माझ्या घरी चाललंय म्हटलं ना. उद्यमनगरात पॅनेल विकायचे म्हणून कॉन्टॅक्टर.

उद्यमनगरी_पॅनेलवाला

पॅनेल तुला विकत नाही भावा, निवांत रहा. रिले जळाला की सांग, राखेचा फोटो टाक.

करवीरचा_ऊसवाला

माझंबी तेच काम हाय. शेतात साडेसात एचपी, थ्री फेज. रात्री लाइट येते, उठून जावं लागतंय. हेच ईएसपी लावलं तर घरातनं मोबाइलवर चालू करता येईल काय? रानात वायफाय नाही, सिमकार्ड चालंल.

उद्यमनगरी_पॅनेलवाला

काका, वेगळं काम आहे ते. थ्री फेजला एक फेज गेली तरी मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि वाइंडिंग जळतं. ते बघणारा प्रिव्हेंटर लागतो, ड्राय रन लागतो. मोबाइल स्टार्टर तयार मिळतात तोच घ्या. पोराच्या प्रोजेक्टवर तुमचा ऊस ठेवू नका.

करवीरचा_ऊसवाला

तयार घेतलेला दोनदा बिघडला म्हणून तर इचारलं. प्रिव्हेंटर होता तरी जळली. रिवाइंडिंगवाला म्हणतो प्रिव्हेंटर बायपास केलेला. कोण केला ते कुणी सांगंना.

गच्चीवर_चढणारी

टाकीकडं परत येऊ का? मी आणि माझ्या भावाने अल्ट्रासॉनिकवाला केला, फ्लोट नाही. पातळी टक्क्यात दिसते, मस्त वाटतं. पण टाकी काठोकाठ भरत आली की सेन्सर भलताच आकडा देतो, कधी कधी एकदम रिकामी दाखवतो. सेन्सर झाकणाला आहे आणि पाणी त्याच्यापासून वीतभर येतं.

उद्यमनगरी_पॅनेलवाला

वॉटरप्रूफ जेएसएन असणार. त्याला साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, आणि तुमचं पाणी नेमकं तिथंच येऊन थांबतं. म्हणजे मोटर बंद करायच्या क्षणीच तो आंधळा. झाकणावर पाइपाचा तुकडा उभा करून सेन्सर उंच बसवा, नाहीतर मोटर आधीच बंद करा. टक्के बघायला तो राहू दे, बंद करायला फ्लोट घाला.

फ्लोट असा जोडा की टाकी भरल्यावर सर्किट तुटलं पाहिजे. पुल-अप असल्यामुळे तुटलं की पिन हाय, हाय म्हणजे मोटर बंद. उंदराने वायर कुरतडली तरी पिन हाय, मोटर बंद. बहुतेक पोरं उलटं करतात, भरल्यावर जुळणारा फ्लोट. मग वायर तुटली की बोर्डाला वाटतं टाकी कधी भरलीच नाही. याच्या जोडीला वेळेचा कुलूपही घाला. आमच्याकडं हजार लिटरची टाकी वीस मिनिटांत भरते, म्हणून पंचवीस ठेवलंय:

```
if (motorOn && millis() - startMs > 25UL*60*1000) {
  stopMotor();
}
```

नळाला पाणी नसेल तर कोरडी मोटर पंचवीस मिनिटं ओढण्यापेक्षा खालच्या हौदातही एक फ्लोट हवाच.

रंकाळा_रहिवासी

एवढं सगळं पायवरही होतं. पायथनमध्ये चार ओळी.

गच्चीवर_चढणारी

होतं काका. पण आमचा ईएसपी वायफाय बंद पडलं तरी टाकी सांभाळतो. बाबांनी राउटर बंद केला तरी मोटर बंद झाली.

रंकाळा_रहिवासी

पायलाही वायफाय लागत नाही फ्लोट वाचायला, बाळ. अर्धवट माहितीवर मोठ्यांना शिकवू नये.

राजारामपुरीची_आई

मुलीने करून दाखवलंय, तुम्ही पोस्ट टाकलीय. जरा सबुरीनं.

उद्यमनगरी_पॅनेलवाला

साहेबांचं इथं बरोबर आहे, वायफायचा मुद्दा दोन्हीला सारखाच. पाय वाईट आहे असं मी म्हणतच नाही. पुढं घरात चार-पाच बोर्ड झाले, सगळ्यांचा डेटा एका जागी ठेवायचा झाला, होम असिस्टंट चालवायचा झाला, तर इन्व्हर्टरवर एक पाय ठेवा. तिथं तो शोभतो. मोटरच्या पेटीजवळ नको.

एक राहिलं. ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल ईएसपीला जोडलं की कधी रिले सुटतच नाही, त्याचा दिवा मंद पेटलेला राहतो. बोर्ड ३.३ व्होल्ट देतो, मॉड्यूलला "बंद" साठी ५ पाहिजे असतात. मॉड्यूलवर `JD-VCC` लिहिलेला जंपर असेल तर तो काढा, `VCC` ला ३.३ आणि `JD-VCC` ला ५ व्होल्ट द्या. पायच्या पिनाही ३.३ च्याच आहेत, तिथंही हेच होणार. भांडायच्या आधी सांगून ठेवतो.

रंकाळा_रहिवासी

ठीक. टाकीला तुमचा ईएसपी, पण पाय मी घेतोच, पोराने लिनक्स शिकलंच पाहिजे. कॉन्टॅक्टरचं तेवढं बघतो, वायरमन सुट्टी संपायच्या आत आला तर.

भावा_नादखुळा

माझा रिले अजून चालूच हाय.

करवीरचा_ऊसवाला

पॅनेलवाले दादा, तो प्रिव्हेंटर बायपास केलाय का ते घरातनं बघता येतंय काय? का परत रानात जायचं?