डोसिंग पंप लहान घ्यावा की हायपो पातळ करावा?

प्रश्नकर्ता: तासाला 10 घनमीटर पाणी वाहणाऱ्या, 4 बार दाबाच्या लाइनमध्ये 2 पीपीएम क्लोरीन द्यायचे आहे. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा द्राव, 10 टक्क्यांचा आहे. विक्रेता तासाला 5 लिटरचा, 10 बारचा डायफ्रॅम पंप सुचवतो. तो घ्यावा का?

जलयंत्री: घेऊ नये. आपल्याला तासाला 20 ग्रॅम क्लोरीन हवे, म्हणजे हा हायपो साधारण 200 मिली. मिनिटाला 180 स्ट्रोक मारणारा 5 लिटरचा पंप एवढ्यासाठी जेमतेम 7 स्ट्रोक मारील, आणि दोन स्ट्रोकांमध्ये सुमारे 23 लिटर पाणी हायपोविना पुढे निघून जाईल. तासाला 1 लिटरचा पंप घेतल्यास तेवढेच काम मिनिटाला 36 स्ट्रोकांत होते.

देखभालवाला: एवढा विचार कशाला? 5 लिटरचाच घ्या आणि स्ट्रोकची लांबी कमी करून ठेवा. दाबाची क्षमता मात्र जितकी जास्त तितकी चांगली.

जलयंत्री: दाब लाइनपेक्षा जास्त हवा, हे बरोबर, पण लांबी कमी करण्यातच खरा घात आहे. हायपोतून वायू सुटत राहतो, आणि पंपाच्या डोक्यात अडकलेला बुडबुडा पाचव्या हिश्श्याइतका दाबला जाईपर्यंत 4 बारच्या लाइनसमोरचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. आखूड स्ट्रोक तेवढा दाबू शकत नाही, म्हणून लांबी मोठी ठेवून वेग कमी करावा.

रात्रपाळी: आमच्याकडे अगदी हेच झाले होते. पंप टक्‌टक्‌ वाजत होता, दिवाही लुकलुकत होता, पण नळाच्या पाण्यात क्लोरीन शून्य. सक्शनला जोडलेल्या मापाच्या नळीत पाहिले, तर दहा मिनिटांत पातळी केसभरही खाली आली नव्हती. तुमच्या पंपाला हवा काढण्याचा व्हॉल्व्ह आहे का?

प्रयोगशाळा: मग 1 लिटरचा पंपही धोक्याचाच, कारण त्याचा एक स्ट्रोक जेमतेम 0.09 मिलीचा. मी 5 लिटरचाच पंप ठेवून हायपो 1 टक्क्यापर्यंत पातळ करीन. तासाला 2 लिटर जातील, मिनिटाला 72 स्ट्रोक पडतील आणि वायूही कमी सुटेल.

जलयंत्री: पाणी जड असेल तर पातळ करताना चुना बाहेर पडतो आणि इंजेक्शन व्हॉल्व्ह बुजतो. मृदू पाणी हाताशी असेल तरच हा मार्ग घ्यावा.

प्रयोगशाळा: ते मान्य आहे, पण इंजेक्शन व्हॉल्व्ह काढून आम्लात धुणे, हवा धरणाऱ्या पंपाच्या मागे रोज धावण्यापेक्षा मला सोपे वाटते.

प्रश्नकर्ता: आमचे पाणी जडच आहे, आणि मृदू करण्याची सोय नाही. रात्री लाइन बंद असते, तेव्हा टाकीतला हायपो आपोआप ओढला जाईल का?

जलयंत्री: लाइनमध्ये निर्वात झाला तर जाईल. इंजेक्शन व्हॉल्व्ह स्प्रिंगचा घ्या आणि पंप फ्लो मीटरच्या पल्सवर चालवा, म्हणजे पाणी थांबले की तोही थांबेल. चालू केल्यावर पंप मोजायचा तो लाइन 4 बारवर असतानाच. मोकळ्या बादलीत सोडून काढलेला आकडा इथे लागू पडत नाही.