अनुभव धागा : वीस तारीख उलटली तरी छाती मोकळी होईना

धागाकर्ती (डोंबिवली, हिशेब विभाग)

कामाचा ताण सगळ्यांनाच असतो. पण आपलं आपण निभावणं पुरेसं नाही, आता कुणाकडे तरी जायला हवं, हे तुम्हाला नेमकं कशावरून कळलं? आणि पहिलं पाऊल कसं टाकलंत? आधी माझं सांगते.

मी अंधेरी पूर्वेला एका कंपनीत हिशेब सांभाळते. अकरा तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, वीसला दुसरं. गेली काही वर्षं माझा महिना याच दोन तारखांवर चालतो. पंधरापासून पोटात गोळा यायचा, वीसच्या रात्री रिटर्न गेलं की सुटायचा, आणि एकवीसला मी घरी जाताना घाटकोपरला उतरून भाजी घ्यायचे. मागच्या वर्षी पावसाळ्यात लक्षात आलं की एकवीस येते, बावीस येते, पण गोळा जातच नाही. पुढच्या महिन्यातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच.

माझ्या परीने मी सगळं केलं. सकाळी प्राणायाम, रात्री डायरी, नऊनंतर फोन बंद. दिवाळीत चार दिवस दापोलीला गेलो. तिसऱ्या दिवशी समुद्रावर बरं वाटलं, पण परतताना पनवेल आलं आणि छाती परत आवळली. त्यानंतर डायरी लिहिणंही एक कामच होऊन बसलं. एखाद्या रात्री राहिली तर आपण यातही नापास, असं वाटायचं.

मग पहाटे साडेतीनची जाग सुरू झाली. रिटर्न पाठवल्यावर मी तीच शीट पाच-सहा वेळा उघडून तपासायचे. एकदा घाटकोपरला मेट्रोचा जिना चढताना पायच उचलेना. गर्दी बाजूने जात होती आणि मी कठड्याला धरून उभी होते. घरच्यांनी सुचवलं, सुट्टी घे. पण सुट्टीने काही भरून येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

पहिल्यांदा गेले ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी बीपी घेतलं, ईसीजी काढला, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायला सांगितलं, कारण थकवा आणि धडधड त्यातूनही येते. बी-12 थोडं कमी निघालं, बाकी सगळं ठीक. मग त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, लक्ष लागणं, कशातच रस न वाटणं, हे किती दिवस झालं, एवढंच त्यात विचारलं होतं. माझे 27 पैकी 14 गुण झाले. ते म्हणाले, "या आकड्यावरून निदान होत नाही. पण 10 च्या पुढे गेलं की मी एकट्याने हे सांभाळत नाही." आणि ओळखीच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंचा नंबर दिला. फोन करायला मला नऊ दिवस लागले.

पहिल्या भेटीत काय बोलायचं ते सुचेना, म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या: कधीपासून, झोप कशी, काय काय करून पाहिलं, आणि काय परत हवंय. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "एकवीस तारखेची भाजी." बाईंनी तोच धागा पकडला.

दर आठवड्याला पन्नास मिनिटं जायचे. सुट्टीचं किंवा प्राणायामाचं त्यांनी फार काही काढलंच नाही. तपासण्याची सवय धरली. रिटर्न पाठवल्यावर दोनदाच बघायचं, मग वीस मिनिटं शीट उघडायची नाही आणि धास्ती शंभरपैकी किती वाटते ते लिहायचं. पहिल्या वेळी 85 लिहिलं, आणि वीस मिनिटं संपल्यावर 60. मी काहीच केलं नव्हतं, तरी ती आपोआप उतरली. दर वेळी तपासून मी तिला उतरायची संधीच देत नव्हते, हे तेव्हा कळलं. सहाव्या भेटीनंतर पहाटेची जाग आठवड्यातून दोनदाच येऊ लागली.

अजून सगळं नीट नाही. साहेबांनी माझ्याकडे दिलेलं दुसऱ्या युनिटचं काम माझ्याकडेच आहे.

कल्याण फास्ट

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण मला वाटतं बहुतेकांना समुपदेशनाची गरज नसते. मीही दोन वर्षांपूर्वी असाच पिचलो होतो. रोज पाऊण तास पळायला लागलो, साखर सोडली, दोन महिन्यांत माणसात आलो. ज्याला ऑफिसला जाताच येत नाही किंवा जगूच नये वाटतं, त्यानेच डॉक्टरकडे जावं. बाकीच्यांनी आधी शरीराला घाम येऊ द्यावा.

दादरहून (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, 19 वर्षं)

कल्याण फास्ट, पळण्याचा फायदा खरा आहे. ताण आणि हलकी उदासी यांत व्यायामाने चांगला फरक पडतो आणि तुम्हाला तो पडला. फक्त "ऑफिसला जाता येतंय" ही खूण मला चालत नाही. माझ्याकडे येणारी बरीच माणसं एकही रजा न घेता येतात. सकाळी 8:12 ची लोकल पकडतात, टार्गेट पूर्ण करतात आणि घरी येऊन कपडे न बदलता भिंतीकडे बघत बसतात. काम सगळ्यात शेवटी कोसळतं. त्याआधी झोप जाते, घरच्यांवर चिडचिड सुरू होते, आवडीच्या गोष्टी गळून पडतात.

धागाकर्तीच्या लिखाणातली खूण मी रोज विचारते: ताणाचं कारण संपल्यावर शरीर खाली येतं का? येत असेल तर झोप, व्यायाम, सुट्टी यांनी भागतं. दोन आठवडे जवळजवळ रोज येत नसेल, किंवा खाली येण्यासाठी रोज दारू वा झोपेची गोळी लागत असेल, तर थांबू नका. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी तर घेऊच नका. त्यातल्या काहींची सवय लवकर लागते आणि मूळ प्रश्न झाकला जातो.

मरणाचे विचार येत असतील तर आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगावं, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं, किंवा टेलिमानसच्या 14416 वर फोन करावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतात.

ऐरोली, रात्रपाळी

माझी भीती वेगळी होती. आमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची मोफत सोय आहे, सहा भेटींची. पण आपलं नाव एचआरकडे जाईल आणि अप्रेझलला कुणीतरी ते काढेल, या धास्तीने मी आठ महिने फोन केला नाही. शेवटी बाहेरच्या नंबरवरून फोन करून आधी एवढंच विचारलं: तुम्ही कंपनीला काय कळवता? फोनवरच्या बाई म्हणाल्या, किती जणांनी सेवा वापरली हा आकडा. नाव किंवा बोलणं नाही. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हा. ते लेखी मागितलं, तर ईमेलवर आलं.

पण पहिल्या समुपदेशकाशी जमलं नाही. "सकारात्मक राहा, कृतज्ञतेची यादी करा" हेच तिन्ही भेटींत. यूट्यूबवर हे मी आधीच शंभरदा ऐकलं होतं. चौथ्या भेटीआधी दुसरी व्यक्ती मागितली. तिने मला कामाच्या वेळांचा आठवडा मांडायला लावला आणि तिथून गाडी सुटली. सहा भेटी संपल्यावर मात्र पुढे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उरलाच.

दादरहून

व्यक्ती बदलणं हा तुमचा हक्क आहे, चांगला समुपदेशक त्याचा राग धरत नाही. तीन-चार भेटींनंतर "आपण नेमकं कशावर काम करतोय?" याचं साध्या मराठीत उत्तर मिळत नसेल तर सरळ विचारावं. "समुपदेशक" ही पाटी कुणीही लावलेली दिसते. शिक्षण कुठे झालं, हे पहिल्याच फोनवर विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा. फी आणि भेट रद्द केल्यास काय, हेही तेव्हाच. गोळ्या सायकियाट्रिस्ट देतात, आम्ही नाही. गरज वाटली तर आम्ही त्यांच्याकडे पाठवतो.

सिक्युरिटी सुपरवायझर, कुर्ला

खासगी फी परवडली नाही म्हणून सायन हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, मग रांग. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ऐकून घेतलं, पण वेळ थोडाच मिळाला. गोळ्या सुरू झाल्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील आणि आपल्या मनाने बंद करू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारली. अडचण एकच, दर भेटीला अर्धा दिवस जातो आणि अर्ध्या दिवसाचा पगारही. बारा तासांच्या ड्यूटीत ते जमवणं हाच नवा ताण.

लालबागची मावशी

तुम्ही सगळी शिकलेली माणसं छान लिहिता. माझी गोष्ट सांगते. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टरकी केली. शेवटची सात-आठ वर्षं घरी आले की बोलायचेच नाहीत, आणि मग पिणं सुरू झालं. आम्ही म्हणायचो, स्वभाव बदलला. तेव्हा हे असं असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता माझा मुलगा तसाच बसतो. कुरिअर कंपनीत आहे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, मला वेड लागलंय का? त्याला कसं नेऊ?

दादरहून

मावशी, "डॉक्टरकडे चल" हे आज नको. त्याला आधी फक्त झोपेबद्दल विचारा, "रात्री झोप लागते का रे तुला?" झोपेच्या तक्रारीत कुणाला लाज वाटत नाही. मग नेहमीच्या डॉक्टरांकडे झोपेसाठी म्हणून जा, आणि दोन वाक्यं आधी त्यांच्या कानावर घाला. तो नाहीच आला तरी तुम्ही स्वतः 14416 वर बोलू शकता.

परळ, युनियनचं काम

सगळ्यांचं वाचलं. एक प्रश्न छळतोय. बारा तासांची ड्यूटी, एकाला तिघांचं काम, हे कंपनीचं दुखणं आहे. मग इलाज माझ्या डोक्यावर का?

दादरहून

प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलंय. मी पगार वाढवू शकत नाही, माणसं भरून देऊ शकत नाही. पण साडेतीनला जागा होणारा माणूस साहेबांसमोर नीट बोलू शकत नाही, नोकरी बदलायचा निर्णयही घेऊ शकत नाही. तेवढं त्याला परत मिळवून देता येतं. त्यापुढचं युनियनचं आणि कायद्याचं.

परळ, युनियनचं काम

"त्यापुढचं" म्हणजे नेमकं कुणी आणि कधी, हे मला अजून कळलेलं नाही.

धागाकर्ती

मलाही नाही. दुसऱ्या युनिटचं काम काढून घ्या, असं मी परवा साहेबांना लिहून दिलंय. तेही बाईंसोबत आधी तीनदा बोलून पाहिलं होतं. उत्तर आलेलं नाही.

लालबागची मावशी

काल रात्री झोपेचं विचारलं. म्हणाला, तीन महिने नीट झोपलो नाही आई. मग बराच वेळ बसून होता. शनिवारी आमच्या डॉक्टरांकडे यायला तयार झालाय.